बिलातला तो दुसरा नंबर

*"मी रोज पहाटे पळायला जाते. खिशात फोन हलत राहतो म्हणून सेल्युलर घड्याळ घेतलं आणि माझ्या आयफोनचा नंबर त्यावर सुरू केला. आता दर महिन्याच्या बिलात घड्याळाची वेगळी आकारणी येते आणि तिच्यापुढे एक नंबर छापलेला असतो, जो मी कधी घेतलेलाच नाही. सिम माझंच, डेटा माझाच, मग हे पैसे कसले? परवा फोन घरी बंद करून गेले होते. कॉल घड्याळावर आले, पण बँकेचा ओटीपी काही आला नाही. दिवसभर मनगटावर ते डेटा खात असणार, अशीही शंका येते. नवरा म्हणतो, लाइन बंद कर आणि नुसतं घड्याळ म्हणून वापर. मला वाटतं, त्यापेक्षा ते सासऱ्यांच्या हाताला बांधावं. ते एकटे फिरायला जातात आणि फोन हमखास विसरतात. काय करू?"*

*— एक वाचक*

त्या अनोळखी नंबरापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथंच आहे. तो नंबर चुकून छापलेला नाही. तो तुमच्या घड्याळाचा स्वतःचा नंबर असणार. खात्री करायची असेल तर घड्याळावर Settings, त्यात General आणि त्यात About उघडा. तिथं पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, दिसेल. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून बिलातल्या त्या नंबरावर हाच आयएमईआय नोंदलेला आहे का, एवढंच विचारा. जुळला तर शंका मिटली. नाही जुळला तर मात्र लेखी तक्रार करा, कारण मग कुणाचं तरी दुसरंच उपकरण तुमच्या खात्यावर चालू आहे.

आता "सिम माझंच" हे तुमचं गृहीतक. ते अगदी स्वाभाविक आहे, कारण जाहिराती तेच सांगतात: तुमचा नंबर, तुमच्या मनगटावर. पण घड्याळात तुमच्या सिमची नक्कल नसते आणि असूही शकत नाही. सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली असते. नेटवर्क त्यांच्यावरून ग्राहक ओळखतं आणि एका ओळखीचं उपकरण एका वेळी एकाच ठिकाणी आहे असं धरून चालतं. फोन आणि घड्याळ दोघांनी तीच ओळख सांगितली असती, तर शेवटी ज्याने हजेरी लावली ते खरं धरून नेटवर्कनं दुसऱ्याला सोडून दिलं असतं. तुम्ही पळायला निघालात की फोन मुका झाला असता आणि परत आलात की घड्याळ.

म्हणून घड्याळाला स्वतंत्र सिम द्यावं लागतं. ते प्लास्टिकचं नसतं, घड्याळात आधीच बसवलेल्या चिपवर उतरवलेलं ईसिम असतं. सुरुवातीला तुम्ही फोनवरच्या Watch ॲपमध्ये सेल्युलर सुरू केलंत, तेव्हा कंपनीचं एक पान उघडलं असेल. त्या दोन मिनिटांत मागे बरंच काही घडलं. तुमच्या फोनमधल्या सिमवरून कंपनीनं तुम्हाला ओळखलं. घड्याळाच्या चिपचा बत्तीस आकडी क्रमांक, ज्याला ईआयडी म्हणतात, तो फोननं कंपनीला कळवला. कंपनीनं त्या चिपसाठी एक नवं सिम-प्रोफाइल तयार केलं आणि घड्याळानं ते उतरवून घेतलं. या प्रोफाइलला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, स्वतःची किल्ली असते आणि कंपनीच्या हिशेबात प्रत्येक जोडणीच्या नावापुढे नंबर लागतोच, म्हणून एक नंबरही मिळतो. तो कुणाला द्यायचा नसतो. त्यावर कुणी फोन करावा अशी अपेक्षाही नसते.

मग तुमचा नंबर घड्याळावर येतो कसा? तो जोड कंपनीच्या यंत्रणेत होतो. तिथं नोंद असते की या दोन जोडण्यांचा जाहीर नंबर एकच. तुम्हाला कुणी फोन केला की नेटवर्क दोन्हीकडे एकाच वेळी रिंग पाठवतं. दाराशी बटण एकच, घंटा मात्र दोन खोल्यांत वाजावी तसं. एकीकडे उचलला की दुसरीकडची रिंग थांबते. तुम्ही घड्याळावरून फोन केलात तर नेटवर्क त्याचा खरा नंबर झाकून तुमचा नेहमीचा नंबर समोरच्याला दाखवतं. हे सगळं नेटवर्कमध्ये होत असल्यामुळेच परवा फोन बंद असतानाही तुम्हाला कॉल आले. त्या कॉलना फोनची गरजच नव्हती.

तेव्हा तुम्ही पैसे भरता ते एका दुसऱ्या जोडणीचे. ती आकारणी किती असावी हा भाग वेगळा. माझं मत विचाराल तर फक्त जोड ठेवण्यासाठी कंपनीला फार खर्च येत नाही आणि दर हा बराचसा धोरणाचा विषय आहे. काही कंपन्या वरच्या प्लॅनमध्ये घड्याळाची जोडणी फुकट देतात, काही पहिले काही महिने पैसे घेत नाहीत आणि नंतर निमूटपणे आकारणी सुरू करतात. तुमच्या बाबतीत हे दुसरं झालं आहे का, हे पहिल्या बिलाशी ताडून बघा. तुमच्या खात्यावर घड्याळाची जोडणी समाविष्ट असलेला दुसरा प्लॅन आहे का, हेही विचारा. हा प्रश्न न विचारणाऱ्याला कंपनी आपणहून सांगेलच असं नाही.

डेटाची शंका काढून टाकते. घड्याळाची जोडणी प्लॅनमध्ये सहसा नवा डेटा घालत नाही, आहे त्याच साठ्यातून घेते. म्हणजे "डेटा माझाच" हे बरोबर आहे. पण दिवसभर खातं, हे नाही. फोन जवळ असेल तोवर घड्याळ ब्लूटूथवरून फोनच्याच जोडणीनं काम चालवतं. ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेलात आणि ओळखीचं वायफाय मिळालं, तर ते घेतं. दोन्ही नसतील तेव्हाच ते स्वतःचा मोबाइल रेडिओ चालू करतं, कारण तो बॅटरी सर्वांत जास्त खातो. ॲपल वॉचवर हे डोळ्यांनी बघता येतं. बाजूचं बटण दाबून Control Center उघडा. सेल्युलरचं चिन्ह पांढरं असेल तर लाइन चालू आहे, पण घड्याळ फोन किंवा वायफाय वापरतंय. हिरवं झालं की ते स्वतः नेटवर्कवर आहे. एक दिवस अधूनमधून बघा. पळण्याचा वेळ सोडला तर ते बहुतेक पांढरंच दिसेल.

आता तुमच्या पळण्याचा हिशेब करू. आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर धरलं तर महिन्याला साधारण बावीस तास. या तासांत निरोप, हवामान, नकाशावरची जागा, यांना लागणारा डेटा नगण्य असतो. कॉलला मिनिटं लागतात, ती तुमच्या प्लॅनमधली. डेटा खऱ्या अर्थानं एकच गोष्ट ओढते, ती म्हणजे थेट नेटवरून वाजणारं संगीत. चांगल्या दर्जाचं, म्हणजे 256 केबीपीएसचं गाणं तासाला साधारण 115 एमबी घेतं. बावीस तासांचे अडीच जीबी झाले. तुमच्या प्लॅनमध्ये मोजून डेटा असेल तर हा वापर लहान नाही. पण तीच गाणी रात्री घड्याळ चार्जिंगला लावलेलं असताना घरच्या वायफायवर उतरवून ठेवलीत, तर हा आकडा जवळपास शून्यावर येतो. बॅटरीही वाचते. गाण्यांसाठी रेडिओ सतत जागा ठेवणं आणि नेटवर्क कमकुवत असलेल्या भागातून पळणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की चार्ज डोळ्यांदेखत उतरतो, कारण घड्याळाचा अँटेना इवलासा असतो आणि लांबच्या टॉवरशी बोलायला त्याला जोर लावावा लागतो. लांबलचक गप्पांसाठीही हे साधन नाही. मोबाइल नेटवर्कवर सलग बोलत राहिलात तर बरीचशी घड्याळं तास-दीड तासात मान टाकतात.

ओटीपीचं प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तुमचीच नाही, अनेकांची फसगत होते. कॉल आणि एसएमएस एकाच नंबरावर येतात, म्हणून दोघांचा रस्ताही एकच असेल असं आपण धरून चालतो. तुम्ही वापरता त्या जोडीत तो एक नाही. कॉल नेटवर्कमध्येच दोन वाटांनी जातो. एसएमएस मात्र तुमच्या फोनच्या सिमवर पोचतो आणि मग आयफोन तो इंटरनेटवरून घड्याळाकडे पुढे पाठवतो. फोन घरी असला तरी चालतं, पण तो चालू हवा आणि वायफाय किंवा मोबाइल नेटवर्कला जोडलेला हवा. तुम्ही तो बंद करून गेलात, त्यामुळे पुढे पाठवणारं कुणी उरलंच नाही. घरी येऊन फोन चालू केल्यावर तो ओटीपी मुदत संपलेल्या अवस्थेत येऊन पडला असेल. दोन ॲपल उपकरणांमधला आयमेसेज मात्र इंटरनेटचाच निरोप असल्यामुळे घड्याळावर थेट येतो. म्हणून "बहिणीचा निरोप आला, बँकेचा नाही" असं कोडं पडतं.

इतर ॲपच्या सूचनांचंही असंच. ॲप घड्याळावर स्वतंत्रपणे चालणारं असेल तर ते स्वतः निरोप आणतं. नुसती फोनवरची सूचना मनगटावर दिसत असेल, तर फोन बंद झाल्यावर तीही थांबते. अँड्रॉइड घड्याळांत या वाटा कंपनीनुसार थोड्या वेगळ्या असतात, पण धडा तोच. फोन घरी ठेवा, बंद करू नका, त्याला चार्जिंग आणि वायफाय मिळेल असं बघा. आणि ओटीपी लागणारी कामं पळून आल्यावर करा. सिमशी बांधलेली बँकेची ॲप घड्याळाच्या जोडणीला तुमचा नंबर मानत नाहीत, कारण आत्ताच पाहिलं तसं, ते सिम वेगळं आहे.

ठेवायचं की बंद करायचं, हा तुमच्या नवऱ्याचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. लाइन बंद केली म्हणून घड्याळ निरुपयोगी होत नाही. पावलं, हृदयाचे ठोके, पळण्याचा मार्ग नोंदवणारं जीपीएस, उतरवून ठेवलेली गाणी, हे सगळं लाइनशिवाय चालतं. फोन जवळ असेल तर कॉलही मनगटावर घेता येतात. जातं ते एवढंच, की फोन घरी असताना तुम्ही कुणाच्या आणि कुणी तुमच्या संपर्कात राहत नाही. तेव्हा महिन्याच्या आकारणीला त्या बावीस तासांनी भागा आणि स्वतःला विचारा, पहाटेच्या त्या तासात आपल्याला खरंच कुणाचा फोन यावा लागतो का? घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, किंवा तुम्ही निर्जन रस्त्यानं एकट्या पळत असाल, तर मी लाइन ठेवीन. तिथं हिशेब पैशांचा नाही, पाय मुरगळला तर कुणाला तरी बोलावता यावं याचा आहे. पण चार मैत्रिणींबरोबर पळत असाल आणि त्यांच्यापैकी कुणाकडे तरी फोन असतोच असतो, तर नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे.

निर्णयाआधी एक चाचणी मात्र करा. अनेकांची जोडणी महिनोन्‌महिने अर्धवट असते आणि फोन कायम जवळ असल्यानं कळत नाही. घरात असताना फोन विमान मोडमध्ये टाका आणि त्याचं ब्लूटूथ, वायफाय दोन्ही खरोखर बंद आहेत ना ते पाहा. घड्याळाचं वायफायही बंद करा. चिन्ह हिरवं होईपर्यंत मिनिटभर थांबा. मग घड्याळावरून घरातल्या कुणाला फोन लावा आणि त्यांच्या पडद्यावर कुठला नंबर दिसतो ते बघा. तुमचा दिसला तर जोड नीट आहे. बिलातला तो अनोळखी नंबर दिसला, तर जोडणी आहे पण जोड बसलेला नाही. त्यानंतर त्यांना तुमच्या नंबरावर फोन करायला सांगा. घड्याळ वाजलं नाही आणि थेट "संपर्कक्षेत्राबाहेर" ऐकू आलं, तरी दोष तोच. यात घड्याळ रीसेट करून काही साधत नाही. चूक कंपनीच्या नोंदीत असते आणि त्यांनाच तो जोड पुन्हा बसवावा लागतो. फोनचं सिम बदलल्यावर, प्लास्टिकच्या सिमवरून ईसिमवर गेल्यावर किंवा प्लॅन बदलल्यावर हा जोड तुटलेला सापडतो, म्हणून अशा प्रत्येक बदलानंतर ही पाच मिनिटांची चाचणी करावी. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेणार असाल तर आधीच विचारा, कारण नंबर सामायिक करायचा तर घड्याळाची जोडणी फोनच्याच कंपनीची लागते. तुमचा नंबर तिकडे जाईल, घड्याळाचं जुनं प्रोफाइल जाणार नाही. नवी कंपनी ही सेवा देत नसेल किंवा तुमच्या प्रकारच्या प्लॅनवर देत नसेल, तर घड्याळाची लाइन तिथंच संपते. प्रीपेड आणि कार्यालयाच्या नावावरच्या जोडण्यांना ही सेवा कित्येकदा मिळत नाही, तेही लक्षात असू द्या.

आता सासऱ्यांबद्दल. तुमच्या मनातली काळजी मला पोचली आणि उपायही दिशेनं बरोबर आहे. पण आहे तसं घड्याळ त्यांच्या हाताला बांधू नका. ते तुमच्या नंबराशी जोडलेलं आहे. तुमच्या ऑफिसचे फोन त्यांच्या मनगटावर वाजतील, तुमचे खाजगी निरोप त्यांना दिसतील आणि तुम्ही त्यांना शोधायला फोन कराल तेव्हा स्वतःच्याच नंबरावर कराल. त्यांनी कुणाला फोन केला तर तो तुमच्याकडून आल्यासारखा दिसेल.

त्यांना लागतो तो स्वतःचा नंबर असलेला मार्ग. ॲपलनं 2020 मध्ये घड्याळाच्या वॉचओएस 7 या प्रणालीबरोबर अशी सोय आणली. घरातल्या एकाच्या आयफोनवरून दुसऱ्या माणसाचं घड्याळ मांडता येतं. त्याला स्वतःचं खातं आणि स्वतःचा नंबर मिळतो, फोन लागत नाही. त्यासाठी ॲपल वॉच सिरीज 4 किंवा त्यानंतरचं, किंवा एसई, असं सेल्युलर घड्याळ हवं. ही जोडणी तुमच्या फोनच्या कंपनीचीच असावी असं बंधन नाही, मात्र जी कंपनी घ्याल ती अशा स्वतंत्र जोडणीला पाठिंबा देते का, हे आधी पक्कं करा. सगळ्या देत नाहीत. त्यातून ते कुठे आहेत हे तुम्हाला दिसेल, ते पडले तर ओळखण्याची सोय सुरू करता येईल आणि फोन विसरण्याचा प्रश्नच उरणार नाही. उणी बाजूही सांगते. अशा पद्धतीनं मांडलेल्या घड्याळावर ईसीजी चालत नाही. रोज चार्ज करायला लागतं आणि ते लक्षात ठेवायचं काम बहुधा तुमच्याकडे येईल. त्यांना मनगटावर काही बांधायचं आहे का, हे त्यांनाच विचारा. नको असलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी टेबलावर पडून राहतं.

म्हणजे तुमच्यापुढे खरं तर दोन वेगळे निर्णय आहेत आणि तुम्ही ते एकाच घड्याळात बसवत आहात. तुमची चाचणी नीट निघाली आणि तुम्ही एकट्या पळत असाल तर आपलं ठेवा आणि सासऱ्यांसाठी वेगळं बघा. त्यांनी घालायचं कबूल केलं असेल आणि तुम्हाला लाइनची गरज नसेल, तर हेच घड्याळ त्यांना द्या, पण आधी ते तुमच्या फोनपासून तोडून. तोडताना फोन विचारेल की सेल्युलर प्लॅन ठेवायचा की काढायचा. काढायचा निवडा.

तेवढ्यानं बिल थांबेलच असं मात्र समजू नका. घड्याळातून प्रोफाइल पुसलं जातं, कंपनीच्या खात्यातली जोडणी चालूच राहू शकते आणि आकारणी होत राहते. म्हणून त्याच दिवशी कंपनीला कळवा. तुमचा नेहमीचा नंबर सांगून "घड्याळ बंद करा" म्हणू नका, चुकून मुख्य लाइनलाच हात लागायचा. बिलातला तो दुसरा नंबर सांगा, हीच जोडणी कायमची बंद करायची आहे असं सांगा, तक्रार क्रमांक आणि बंद होण्याची तारीख लेखी मागा. पुढच्या बिलात अर्ध्या महिन्याची आकारणी येऊ शकते. त्याच्या पुढच्यातही तो नंबर दिसला, तर तो लेखी निरोप दाखवून पैसे परत मागा.